दीडशे अक्षरांत मावणारं वावर

खालच्या दोन ओळी नीट बघा. दोन्ही एकाच मुलीनं, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जातल्या एकाच रकान्यासाठी, दोन आठवड्यांच्या अंतरानं लिहिल्यात. पहिली:

```
I help my father in farming and I have learned many values from it like hard work, responsibility, teamwork, discipline and time management.
```

आणि दुसरी:

```
Pick cotton on our 4 acres. Weigh bags of 5 hired pickers at dusk, enter kilos and wages in a notebook, pay each woman on weekly market day.
```

मोजून बघा, दोन्ही ओळी बरोबर १४० अक्षरांच्या आहेत, मधल्या मोकळ्या जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं धरून. जागा तेवढीच लागली. पहिली ओळ महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोरानं लिहिली असती तरी चालली असती, शेतात कधी पाय न ठेवलेल्यानंही. दुसरी फक्त तिलाच लिहिता येते. पहिलीपासून दुसरीपर्यंत आम्ही कसे पोचलो ते सांगतो, कारण यंदा आणखी दोन मुलं हाच अर्ज घेऊन माझ्याकडे आली आहेत आणि तीही पहिल्याच ओळीपाशी अडलीत.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. ही मुलगी बारावी सायन्सची, रोज एसटीनं ये-जा करणारी. कुठून तरी तिला कळलं की अमेरिकेतली हार्वर्ड, ॲमहर्स्टसारखी काही थोडी कॉलेजं परदेशी मुलांनाही घरची ऐपत बघून पूर्ण खर्च देतात, आणि ऐपत नाही म्हणून प्रवेश नाकारत नाहीत. अर्ज करायचा तो कॉमन ॲप नावाच्या एकाच ऑनलाइन फॉर्मवर, तोच फॉर्म अनेक कॉलेजांना जातो. त्यात शाळेच्या काउन्सेलरनं भरायचा वेगळा भाग असतो. आमच्याकडे काउन्सेलर कुठला? ईमेल माझ्याकडे आला, म्हणून मीच काउन्सेलर झालो.

गुण, निबंध, शिफारसपत्रं हे तिला समजत होतं. अडली ती ॲक्टिव्हिटीजच्या पानावर.

"सर, माह्याजवळ तं एकही सर्टिफिकेट नाही. मी काय लिहू?"

या प्रश्नात सगळा घोटाळा आहे, म्हणून आधी तो सोडवतो. आपल्याकडच्या प्रवेशात हा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच. सीईटी, नीट, जेईई, बारावीचे गुण, संपलं. छंदाला किंमत येते ती सर्टिफिकेट असेल तरच: जिल्हा पातळीपासून पुढे खेळलं की क्रीडा गुण, इंटरमिजिएट चित्रकलेची श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण, कोट्यातून जायचं तर कागद. त्यामुळे आपल्या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलंय की ज्याचा कागद नाही ते केलेलंच नाही. मग ऐनवेळी कुठल्या तरी एकदिवसीय शिबिराचा कागद शोधला जातो. नाहीतर पैसे भरून ऑनलाइन कोर्सचा कागद काढला जातो.

कॉमन ॲपच्या त्या पानावर सर्टिफिकेट जोडायची सोयच नाही. कागद मागितलेलाच नाही. तिथे पुरावा म्हणजे तुमच्या वाक्यातला तपशील, तुम्ही दिलेले तास, आणि शिक्षकांच्या पत्राशी त्याचा बसणारा मेळ. हे एकदा ध्यानात आलं की खेड्यातल्या पोरीची बाजू एकदम बदलते. जे वर्षानुवर्षं केलं पण ज्याचा कधी कागद मिळाला नाही, तेच तिच्याजवळ सगळ्यात जास्त असतं.

आता फॉर्मची रचना. जास्तीत जास्त दहा ॲक्टिव्हिटी लिहिता येतात. दहा ही कमाल आहे, भरायचा कोटा नाही. सहा लिहिल्या तरी फॉर्म पुढे जातो. प्रत्येकीला आधी एका यादीतून प्रकार निवडायचा. मग तुमचं पद किंवा काम ५० अक्षरांत, संस्थेचं नाव १०० अक्षरांत, आणि काय केलं ते १५० अक्षरांत. पुढे कोणत्या इयत्तांत केलं त्या खुणा, शाळा चालू असताना की सुटीत की वर्षभर, आणि शेवटी दोन आकडे: `Hours spent per week` आणि `Weeks spent per year`. दीडशेच्या पुढचं अक्षर फॉर्म घेत नाही. सगळ्या ॲक्टिव्हिटी तुम्हाला ज्या क्रमानं महत्त्वाच्या वाटतात त्या क्रमानं लावायला सांगितलेलं असतं.

प्रकारांच्या यादीत संगीत, नाटक, खेळ, समाजसेवा हे सगळं आहे. त्यातच एक नोंद आहे `Family Responsibilities`, म्हणजे घरची जबाबदारी, आणि एक आहे `Work (Paid)`, मजुरीचं काम. ही नोंद मी तिला पडद्यावर बोटानं दाखवली तेव्हा ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "वावरात तं मी जातोच ना सर. पण ते काय लिहाचं असते का?"

लिहायचं असतं. भावंडं सांभाळणं, सकाळचा स्वयंपाक, आजीला दवाखान्यात नेणं, हे सगळं तिथे बसतं. पण "वावरात जातो" एवढ्यावर भागत नाही, आणि इथून खरं काम सुरू होतं. मी तिला इंग्रजी बाजूला ठेवायला लावलं आणि मराठीत विचारत गेलो. वावरात म्हणजे काय करतेस? कापूस वेचतो. कधी? दसऱ्यानंतर. किती? "रोज. दिवसभर. चार महिने."

हे तिनं मुद्दाम फुगवून सांगितलं नव्हतं. अंगाला तसंच वाटतं, पाठ तसंच सांगते. पण आकडा म्हणून ते खोटं आहे. ती रोज कॉलेजात असते, मीच तिची हजेरी घेतो. मग आम्ही एका कागदावर हिशोब मांडला.

दिवाळीच्या सुटीतले दोन आठवडे ती आठवड्यातून सहा दिवस वेचायला जाते. सकाळी दव सुकल्यावर ते दुपार कलेपर्यंत, मधली जेवणाची सुटी वजा जाता सहा तास. म्हणजे आठवड्याला ३६, दोन आठवड्यांचे ७२ तास. सुटी संपली की फक्त रविवार. जानेवारी अखेरपर्यंत असे दहा रविवार, सहा-सहा तास, म्हणजे ६०. एकूण १३२ तास, बारा आठवड्यांत पसरलेले.

मी उगीच विचारलं, "आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी तं फक्त मोजाचं असते."

काय मोजायचं असतं? तर घरी चार एकर पऱ्हाटी. घरच्यांनी सगळा कापूस वेचून होत नाही, तेव्हा पाच बाया लावतात. बाया किलोवर वेचतात. दिवस कलला की त्या आपापलं गाठोडं घेऊन बांधावरच्या कडुनिंबापाशी येतात, तिथे फांदीला काटा टांगलेला असतो. गाठोडं काट्याला लावायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा, बाईनं मान हलवली की वहीत लिहायचा. फडक्याचं वजन वजा करायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी प्रत्येकीच्या किलोंची बेरीज, गुणिले दर, आणि मजुरी हातात. वडिलांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा वावरात नेत नाहीत, म्हणून नववीपासून वही हिच्याकडे आहे. एकदा एका बाईचा साडेतेवीसचा आकडा बावीस लिहिला गेला, दुसऱ्या दिवशी तिनं बरोबर तो काढला, तेव्हापासून ही आकडा दोनदा वाचते.

हे सगळं ती "फक्त मोजाचं असते" एवढ्यात गुंडाळत होती. मी असं म्हणेन की मुलं खोटं फुगवतात त्यापेक्षा खरं गिळतात ते जास्त. निदान आमच्याकडची.

मोजणीच्या संध्याकाळी हंगामात साधारण सोळा, कारण बाया रोज नसतात, वेचा आला की असतात. एकेक मोजणी पाऊण तासाची. सोळा पाऊण म्हणजे बारा तास. १३२ आणि १२ मिळून १४४. बारा आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला बारा तास.

इथं थांबायचं नाही. दहावीला बोर्ड होतं, त्या वर्षी सुटीनंतरचे रविवार घरच्यांनी तिला सोडले होते, मोजणी मात्र तिनंच केली. म्हणजे त्या वर्षी ७२ अधिक १२, ८४ तास. फॉर्ममध्ये इयत्तांच्या खुणा कितीही केल्या तरी तासांचा आकडा एकच टाकता येतो, म्हणून सगळ्या वर्षांची सरासरी काढावी लागते. नववीचे १४४, दहावीचे ८४, अकरावीचे १४४, बेरीज ३७२. तीन वर्षांनी भागून १२४, बारा आठवड्यांनी भागून दहा आणि थोडं वर. आम्ही दहा लिहिलं. अपूर्णांक नेहमी खाली उतरवावा, वर चढवू नये.

"रोज, दिवसभर, चार महिने" इथून आठवड्याला दहा तास, वर्षाला बारा आठवडे. तिचा चेहरा पडला. "सर, हे तं लईच कमी दिसते."

दिसू दे. कॉलेजात अर्ज वाचणारी माणसं दिवसभर हेच वाचत असतात आणि तासांची बेरीज त्यांच्या डोळ्यांना आपोआप होते. आठवड्यात १६८ तास असतात. सात तासांची झोप धरली तर ४९ तिथेच गेले. कॉलेज आणि एसटीचा प्रवास मिळून आमच्या मुलांचे पन्नासेक जातात. उरले सत्तरच्या आत-बाहेर, त्यातच अभ्यास, जेवणखाण, अंघोळ, पाणी भरणं. एखाद्यानं आठ ॲक्टिव्हिटी लिहिल्या आणि प्रत्येकीला पंधरा तास वर्षभर दिले, की १२० झाले. मग त्याच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. स्वतःला तपासायची सोपी रीत म्हणजे वर्षातला सगळ्यात भरगच्च आठवडा घ्यायचा, त्या आठवड्यात चालू असलेल्या सगळ्या ॲक्टिव्हिटींचे तास एकाखाली एक मांडायचे आणि बघायचं की तो आठवडा माणसाला जगता येतो का.

बेरजेत आणखी एक चूक सहज होते. आमच्या कागदावर आधी दोन वेगळ्या ॲक्टिव्हिटी होत्या, एक वेचणीची, एक वहीची, आणि दोन्हीकडे बारा आठवडे पूर्ण तास. तेच तास दोनदा मोजले गेले होते. म्हणून आम्ही त्या एकत्र केल्या. एरवी वेगळं लिहिलं तरी चालतं, पण मग तासही वाटून लिहायचे.

आता शब्द. पहिल्या ओळीत शिस्त, संघभावना, वेळेचं नियोजन अशी पाच मोठी नावं होती. अशी नावं कुणीही कशालाही चिकटवू शकतो, म्हणून ती काहीच सांगत नाहीत. ती काढली की सत्तरएक अक्षरं मोकळी होतात. `I` लिहायची गरज नाही, क्रियापदापासूनच सुरुवात करावी, अर्ज कुणाचा ते त्यांना माहीत आहे. मधल्या एका मसुद्यात तिनं `since Class 9` असं घातलं होतं. तेही काढलं, कारण नववीची खूण शेजारच्या रकान्यात आहेच. एका रकान्यात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलं की आपलीच जागा आपण खाल्ली. क्विंटल, तालुका, वेचा हे शब्द तिथल्या वाचणाऱ्याला कळायचे नाहीत, म्हणून किलो लिहिलं. बाजाराचा दिवस मात्र ठेवला. आठवड्याच्या बाजाराला मजुरी देतात हे जगात कुठेही समजतं.

पदाच्या रकान्यात तिच्या चुलत भावानं सुचवलं होतं `Farm Manager`. मी विचारलं, पेरायचं काय, कापूस विकायचा कधी, हे कोण ठरवतं? "बाबा." मग मॅनेजर बाबा. आम्ही लिहिलं:

```
Cotton picker and wage record keeper
```

३६ अक्षरं. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. मजुरीच्या वहीवर पाच बायांचा विश्वास आहे हे वाचणाऱ्याला नीट कळतं, आणि `Manager` वाचल्यावर जी शंका आली असती ती येत नाही.

पदाच्या बाबतीत आमची दुसरी झटापट भजनावरून झाली. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीभजन गावोगाव आहे. तिच्याही गावात संध्याकाळी प्रार्थना होते, ही खंजिरी वाजवते आणि गाते. तिनं लिहून आणलं होतं, मुलींच्या भजन मंडळाची संस्थापक. `Founder` हा शब्द कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेला. मी म्हटलं, मंडळ कुणी काढलं? हसली. "मंडळ तं आज्याच्या टायमाचं हाय." मग तू काय केलंस? तर गेल्या दोन वर्षांत सहा लहान मुलींना खंजिरीचा ठेका शिकवला. त्यातल्या दोघींनी सोडलं. चौघी आता एकट्यानं वाजवतात, ही नसली तरी प्रार्थना अडत नाही.

```
Sing and play khanjiri, a small hand drum, at village evening prayer. Taught beat to 6 younger girls; 4 now play without me.
```

१२४ अक्षरं. उरलेली २६ तशीच सोडली. रकाना काठोकाठ भरलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. खंजिरी हा शब्द ठेवला आणि ती काय असते ते लगेच चार शब्दांत सांगितलं. सहापैकी दोघींनी सोडलं हे त्या ओळीत आपोआप दिसतं, आणि मला तेच आवडलं. संस्था काढणारे त्या अर्जांच्या ढिगात पुष्कळ भेटतील. तास इथेही मोजले: आठवड्यात दोन संध्याकाळी पाऊण-पाऊण तास, रविवारी शिकवायला अर्धा, म्हणजे दोन तास. परीक्षेचे आणि पेरणीचे दिवस वगळून चाळीस आठवडे.

कबड्डीत वेगळीच अडचण. संघ तालुक्यात जिंकला, जिल्ह्याला उपांत्य फेरीत हरला. ती बारा जणींच्या चमूत होती, पण मैदानावर उतरणाऱ्या पहिल्या सातांत नव्हती, राखीव होती. पाचांपैकी दोन सामन्यांत बदली म्हणून उतरली. "जिल्हास्तरीय खेळाडू" हे आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि सर्टिफिकेटवरही तसंच येतं. पण तिचं एक शिफारसपत्र आमचे क्रीडाशिक्षक देणार होते. ते सरळ मनाचे गृहस्थ, त्यांनी पत्रात लिहिलं असतं की राखीव असूनही पोरगी एक दिवस सराव चुकली नाही. अर्जात एक आणि पत्रात दुसरं, मग पत्रातलं कौतुक अर्जावर उलटलं असतं. आम्ही राखीव चढाईपटू असंच लिहिलं आणि पाचांपैकी दोन सामने हेही लिहिलं. सरांचं पत्र आता त्या ओळीला धरून उभं आहे.

उरलेलं झटपट सांगतो. एका दिवसाचं वृक्षारोपण काढून टाकलं, खड्डे खणून फोटो काढला, पुढे झाडाचं काय झालं तिला माहीत नव्हतं. तालुक्याच्या निबंध स्पर्धेतलं बक्षीस इथे लिहायचं नाही, त्यासाठी सन्मानांचा वेगळा भाग आहे, पाच नोंदी, प्रत्येकी १०० अक्षरं. सकाळचा स्वयंपाक ती आईच्या बरोबरीनं करते, तो घेतला. वाचन हा छंद तिला फार लिहायचा होता. मी विचारलं शेवटचं काय वाचलं, तर आठवेना. गेला.

एकूण सहा नोंदी झाल्या. सहाच का, याचं खरं कारण तिच्याकडे आहे: तिच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटते, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर होणाऱ्या कशातही तिला थांबता येत नाही. हे दीडशे अक्षरांत कोंबायचं नसतं. फॉर्मच्या शेवटी जादा माहितीची जागा असते, सध्या ३०० शब्दांची. तिथे आम्ही तीन वाक्यांत गाडीची वेळ आणि अंतर लिहिलं. रडगाणं नाही, नुसती वेळ. काउन्सेलर म्हणून माझ्या पत्रात मी तीच वेळ लिहिली.

सगळ्या अर्जांचे साचे असेच नसतात. एमआयटीचा अर्ज वेगळा आहे, तिथे चारच ॲक्टिव्हिटी मागतात, म्हणजे सहातल्या दोन गाळायचं धैर्य लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात उलट, ॲक्टिव्हिटी आणि सन्मान मिळून वीसपर्यंत नोंदी आणि वर्णनाला ३५० अक्षरं. तिथे मोजणीची ती दुसऱ्या वेळी वाचायची सवयही लिहिता आली असती. हेच विद्यापीठ काही अर्जदारांना मधूनच निवडून लिहिलेल्या गोष्टींचा आधार मागतं. आधार म्हणजे सर्टिफिकेटच असं नाही, ओळखणाऱ्या माणसाचं पत्रही. कॉमन ॲपवर अशी तपासणी होत नाही, पण शेवटी सही करताना दिलेली सगळी माहिती खरी आणि प्रामाणिकपणे मांडलेली आहे असं कबूल करावं लागतं, आणि खोटं निघालं तर दिलेला प्रवेशही कॉलेज काढून घेऊ शकतं. मुलाखत झाली तर तिथे काय विचारतील सांगता येत नाही. काट्याला गाठोडं कसं लावतात असं कुणी विचारलं तर ही तासभर बोलेल.

तारखांचं एक ध्यानात ठेवा. लवकरचे अर्ज बहुधा १ नोव्हेंबरला बंद होतात, नेहमीचे जानेवारीच्या सुरुवातीला. कापसाचा हंगाम नेमका त्याच्या मध्ये येतो. १ नोव्हेंबरच्या अर्जात बारावीच्या हंगामाची खूण करायची असेल तर वेचणी निदान सुरू तरी झालेली हवी. "करणार आहे" हे केलेलं नसतं. हिचा अर्ज जानेवारीचा होता, म्हणून बारावीची खूण करता आली. त्या हंगामातही तिचं रविवारचं वेचणं चालूच होतं, त्यामुळे दहाचा आकडा हलला नाही.

पाठवायच्या आदल्या दिवशी ती वही घेऊन आली. मी मागितली नव्हती. कव्हर फाटलेलं, पानांवर हळद की माती ते कळू नये असे डाग, आणि प्रत्येक पानावर तारीख, खाली पाच नावं, नावापुढे किलो. म्हणाली, "सर, मी घरी मोजून पाह्यलं. अकरावीत सोळा नाही, चौदाच संध्याकाळ्या होत्या." आम्ही पुन्हा हिशोब केला. दोन संध्याकाळी म्हणजे दीड तास कमी, तीन वर्षांच्या सरासरीत त्यानं काहीच फरक पडत नव्हता. आकडा दहाच राहिला.

"आणि दहावीच्या साली बाया चारच होत्या. एक बाळंतपणाले गेली होती. मंग पाच लिहू का चार?"

आम्ही `5` खोडून `4-5` लिहिलं. दोन अक्षरं वाढली, १४२ झाली. अजून आठ शिल्लक होती.